लघुप्रबंधाचा गोषवारा: डिस्लेक्सिया, समावेशक वर्ग आणि शिक्षकांची सज्जता. कृपया कात्री लावून द्या

खडूफळा

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे आणि नोकरी सांभाळून एम.एड. करते आहे. लघुप्रबंध जवळपास लिहून झालाय, पण गोषवाऱ्यापाशी गाडी अडलीये. मार्गदर्शक मॅडमनी दोनदा परत पाठवला. दुसऱ्या वेळी समासात फक्त "मग काय?" एवढंच लिहिलं होतं. शब्दमर्यादा ३०० आहे. खाली देते, निर्दयपणे सांगा.

"आजच्या युगात समावेशक शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. प्रत्येक बालक हे वेगळे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ अन्वये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दिव्यांगत्वात समावेश करण्यात आला आहे. प्रस्तुत संशोधनात डिस्लेक्सियाग्रस्त विद्यार्थ्यांच्या अध्यापनाबाबत प्राथमिक शिक्षकांच्या सज्जतेचा अभ्यास करण्यात आला. सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करून सातारा जिल्ह्यातील ६४ शिक्षकांकडून गूगल फॉर्मद्वारे माहिती संकलित केली. समावेशक अध्यापन आत्मविश्वास मापनी व डिस्लेक्सियाविषयक ज्ञान प्रश्नावली ही साधने वापरली. संकलित माहितीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले असता शिक्षक पुरेसे सज्ज नसल्याचे दिसून आले. सबब बी.एड. अभ्यासक्रमात सुधारणा करणे व शिक्षकांना प्रशिक्षण देणे गरजेचे आहे."

घाटमाथा

पहिली दोन वाक्यं उडवा. 'आजच्या युगात'ने सुरू होणारा मजकूर मी तिथेच सोडतो, तुमचा केवळ ओळखीखातर पुढे वाचला.

अवधूत_चिपळूणकर

'सबब' वाचल्यावर तलाठी कार्यालयात सातबाऱ्याच्या रांगेत उभा असल्यासारखं वाटलं. बाकी विषयातलं कळत नाही, चालू द्या.

मुक्ताची_आई

ताई, तुम्ही या विषयात आहात म्हणून विचारते. डिस्लेक्सियाची तपासणी सातारा-कराडकडे कुठे होते? माझा मुलगा पाचवीत असताना, २०१९ मध्ये, आम्हाला पत्ता लागला. त्याआधी तीन वर्षं शाळेतून एकच ऐकत होतो, "हुशार आहे पण लक्ष नाही." तालुक्याला दाखवलं तर म्हणाले आधी डोळे तपासा. तपासले, चष्मा लागला, चष्मा घालून तसंच वाचायला लागला. मग जिल्ह्याला, मग पुण्याला. दाखला मिळेपर्यंत सातवी उजाडली होती. आता माझ्या भाचीच्या बाबतीत तेच चाललंय, तिला निदान इतकं फिरायला लागू नये.

खडूफळा

मुक्ताची_आई, हा धागा गोषवाऱ्याचा आहे, पण तुमचा प्रश्न सोडवत नाही असं नाही. भाची कितवीत आहे ते विचारपूस करून कळवा.

निवृत्त_मास्तर

छत्तीस वर्षं शिकवलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आमच्या काळी हा शब्द नव्हता, पण अशी मुलं होती. एकाला अक्षरं उलटी दिसायची. 'ब'चा 'ड' करायचा, '६'चा '९' करायचा. त्याला मी रोज पाटीवर शंभर वेळा गिरवायला लावलं, झाला नीट. आज पोस्टात आहे. शिक्षक सज्ज नाहीत म्हणता, तर दोन इयत्तांचा एकत्र वर्ग, त्यात पोषण आहार, त्यात ऑनलाइन माहिती भरणं. सज्ज कधी व्हायचं? गोषवाऱ्यात हे कुठे आहे?

रेघोटी

मी विशेष शिक्षिका आहे. गटसाधन केंद्राकडून शाळाशाळांना फिरते, चौदा वर्षं झाली. मास्तरांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, त्याच्या आधीच्या दोन-तीन वाक्यांबद्दल नंतर बोलते. आधी गोषवारा.

खडूफळाताई, मॅडमचा "मग काय?" कशाला आहे ते मला वाटतं असं आहे. तुम्ही 'सज्जता' हा एकच शब्द वापरलाय, पण मोजल्यात दोन वेगळ्या गोष्टी. पहिल्या मापनीत शिक्षक स्वतःबद्दल सांगतो, की मला हे जमेल, ते जमेल. दुसऱ्या प्रश्नावलीत त्याला काय ठाऊक आहे ते कळतं. आणि तो वर्गात प्रत्यक्ष काय करतो, ही तिसरी गोष्ट कुठेच आलेली नाही. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात असं मुळीच नाही. माझ्या फिरण्यात मी सगळ्या प्रकारचे शिक्षक पाहिलेत. मग 'शिक्षक सज्ज नाहीत' हे कुठल्या अर्थाने म्हणता? आत्मविश्वास कमी? माहिती कमी? की दोन्हींतलं अंतर? तेच तुमचं उत्तर आहे आणि तेच तुम्ही लिहिलेलं नाही.

दोन प्रश्न. आत्मविश्वासाची मापनी कुठली? आणि ज्ञानाच्या प्रश्नावलीतली चार-पाच विधानं इथे टाकता येतील का?

खडूफळा

रेघोटीताई, धन्यवाद. मापनी शर्मा, लोरमन आणि फॉर्लिन यांची २०१२ ची, १८ विधानांची. सहा पायऱ्या, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत'. मराठी भाषांतर मी केलं आणि कॉलेजच्या दोन प्राध्यापकांनी पाहिलं. ज्ञानाची प्रश्नावली स्पॅनिशभाषक शिक्षकांवर वापरलेल्या ३६ विधानांच्या प्रश्नावलीवरून घेतली. पर्याय तीन: बरोबर, चूक, माहीत नाही. काही विधानं अशी:

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांची बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा कमी असते.
अक्षरे व शब्द उलटे दिसणे हे डिस्लेक्सियाचे मूळ लक्षण आहे (उदा. ब आणि ड यांची अदलाबदल).
रंगीत काचांच्या चष्म्याने डिस्लेक्सिया बरा होतो.
डिस्लेक्सिया मोठेपणीही राहतो.

घाटमाथा

थांबा. ब आणि ड? एकमेकांसारखे दिसतात तरी का ते?

रेघोटी

😂 घाटमाथा, तुम्ही धागा वाचवलात.

ताई, हे इंग्रजीतलं 'बी' आणि 'डी' आहे. छोट्या लिपीत ती दोन अक्षरं एकमेकांची आरशातली प्रतिमा, म्हणून इंग्रजी पुस्तकांत सगळीकडे तेच उदाहरण असतं. तुम्ही उच्चार उचलून मराठीत आणलात आणि आकार तिकडेच राहिला. आपल्याकडे गोंधळ होतो तो ब-व, घ-ध, म-भ, प-ष यांच्यात. एखादी रेघ, एखादी गाठ इकडची तिकडे. आणि तोही पहिली-दुसरीत बऱ्याच मुलांचा होतो, नंतर आपोआप सुटतो. तेवढ्यावरून डिस्लेक्सिया म्हणायचं नाही.

मूळ विधानाचं अपेक्षित उत्तरच 'चूक' आहे. डिस्लेक्सियात मूळ अडचण डोळ्याला दिसण्याची नाही, आवाज आणि खूण यांची सांगड घालण्याची आहे. म्हणून मास्तर, तुमच्या पोस्टातल्या विद्यार्थ्याला अक्षरं उलटी 'दिसत' नव्हती. आणि 'ब'चा 'ड' तो करत असेल तर ते वेगळंच काही असणार.

निवृत्त_मास्तर

'ब'चा 'व' करत असेल. चाळीस वर्षं झाली, सवयीने ड लिहिलं. पण शंभर वेळा गिरवून सुधारला हे खरं ना?

रेघोटी

दुसरीतला होता का? मग कदाचित गिरवलं नसतं तरी सुधारला असता. किंवा गिरवल्यामुळे सुधारला असेल. एका मुलावरून तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही.

मराठीत हे कसं दिसतं ते एका मुलावरून सांगते, कारण गोषवाऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे. चौथीतला मुलगा. मी घड्याळ लावून उतारा वाचायला दिला. शब्दागणिक पाहिलं तर चुका फार नाहीत. आपली लिपी बरीचशी लिहिल्यासारखीच वाचली जाते, त्यामुळे जोर लावला की शब्द निघतो. पण बोट प्रत्येक अक्षराखाली. 'किल्ला' वाचताना आधी वेलांटीपाशी थांबला, कारण ती क च्या आधी लिहितात आणि नंतर म्हणतात, मग क, मग ल्ल पाशी पुन्हा थांबला. शेजारची मुलं उतारा संपवून खिडकीबाहेर बघत होती, हा तिसऱ्या ओळीवर होता. संपल्यावर विचारलं, गोष्ट कशाची होती? माहीत नाही. सगळी ताकद अक्षरं सोडवण्यात गेली. तोच उतारा मी वाचून दाखवला तर सगळी उत्तरं दिली, वर गडावर कुणी दगा दिला असेल यावर स्वतःचं मत दिलं.

वहीत बघितलं तर 'प्रार्थना'चं 'परथना', 'पुस्तक'चं 'पुसतक', 'विद्यार्थी'चं 'विदयरथी'. रफार, जोडाक्षर, काना गळतात. ऱ्हस्व-दीर्घाकडे मी बघतही नाही, ते तर आपल्या सगळ्यांचंच चुकतं.

आता सांगा, तुमच्या प्रश्नावलीत 'संथ वाचन', 'जोडाक्षरं गळणं' यावर एक तरी विधान आहे का? नसेल तर ६४ शिक्षकांना तुम्ही इंग्रजीतल्या डिस्लेक्सियाबद्दल विचारलंत आणि ते शिकवतात मराठी.

खडूफळा

नाही. एकही नाही. 🙈

आणि आता दुसरंच डोक्यात आलं. ६४ जणांनी ते ब-ड चं विधान वाचलं. दोन प्राध्यापकांनी वाचलं. मी स्वतः कितीदा वाचलं. कुणीही विचारलं नाही.

लीड्सची_माई

इकडे इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत मदतनीस आहे. इथे पहिलीच्या वर्षाअखेर सगळ्या मुलांची ध्वनिवाचन चाचणी होते. ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० निरर्थक, बनवलेले. निरर्थक शब्द पाठांतराने वाचता येत नाही, त्यामुळे मूल खरंच अक्षर सोडवतंय की आठवणीने म्हणतंय ते लगेच कळतं. शिवाय प्रत्येक सरकारी शाळेत विशेष गरजांचा समन्वयक शिक्षक असतोच. तसं काही मराठीत का करत नाही?

रेघोटी

माई, निरर्थक शब्द मीही वापरते, 'टमूप', 'गिस्बा' असले. उपयोगी आहेत. पण मराठीत फक्त बरोबर-चूक मोजलं तर मोठ्या वर्गातली बरीच मुलं निसटतात, कारण वेळ दिला की ती वाचतात. वेग मोजावाच लागतो. भारतीय भाषांसाठी तयार केलेलं साधनही आहे, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचं 'डाली', २०१५ चं. मराठीत आहे, आणि त्यात शिक्षकांनी भरायची प्राथमिक पडताळणीही आहे, पहिली-दुसरीला वेगळी, तिसरी ते पाचवीला वेगळी. तुमच्या ६४ जणांपैकी किती जणांनी ते नाव ऐकलंय, हा प्रश्न विचारला असतात तर 'सज्जता' म्हणजे काय ते एका प्रश्नात कळलं असतं.

समन्वयकाचं म्हणाल तर इथे ते काम माझ्यासारख्यांकडे. पण माझ्याकडे शाळा किती आहेत ते विचारू नका.

संख्यानंद

आता मला बोलू द्या, आकड्यांचा वास आला.

खडूफळाताई, ज्ञान प्रश्नावलीचे गुण कसे दिलेत? बरोबरला १, बाकी दोन्हींना ०, असंच ना? तिथे मोठी गोष्ट हातची जाते. समजा एका बाईंचे ३६ पैकी २० बरोबर, १० चूक आणि ६ 'माहीत नाही'. दुसऱ्या बाईंचे २० बरोबर, २ चूक, १४ 'माहीत नाही'. तुमच्या तक्त्यात दोघी २०, सारख्या. पण पहिल्या बाई दहा ठिकाणी खात्रीने चुकीचं सांगताहेत, दुसऱ्या बाईंना आपल्याला काय येत नाही ते ठाऊक आहे. दोघींना एकच प्रशिक्षण द्याल? दुसरीला सांगायचं आहे, पहिलीच्या डोक्यातून आधी काढायचं आहे. चूक आणि 'माहीत नाही' वेगवेगळे मोजा, मग ते दोन्ही आत्मविश्वासाच्या गुणांशी ताडून बघा. माझा अंदाज असा की आत्मविश्वास जास्त तिथे 'माहीत नाही' कमी निघेल, पण चूक कमी निघेलच असं नाही. अंदाज आहे, तुमच्याकडे माहिती आहे, बघा.

दुसरं, गूगल फॉर्म कुणाला पाठवलात?

खडूफळा

दोन तालुक्यांतल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर. केंद्रप्रमुखांनीही पुढे पाठवला. भरला तो ६४ जणांनी.

संख्यानंद

मग 'सातारा जिल्ह्यातील शिक्षक' म्हणू नका. ज्यांना विषयात रस होता किंवा केंद्रप्रमुखांची भीती होती, असे दोन तालुक्यांतले ६४. 'दोन तालुक्यांतील स्वेच्छेने सहभागी झालेले ६४ शिक्षक' एवढं लिहिलं की कुणी बोट ठेवणार नाही.

अवधूत_चिपळूणकर

भीतीने भरलेल्यांचा वेगळा स्तंभ करा.

केंद्रशाळा_क्र_३

मी फॉर्म भरणाऱ्यांपैकीच एक असावा असा संशय आहे (कराड नाही, पलीकडचा). प्रामाणिकपणे सांगतो, १८ विधानांवर झटपट 'सहमत' दाबत गेलो. शाळेचं नाव नव्हतं तरी वाटलं, 'जमत नाही' लिहिलं तर उद्या प्रशिक्षणाला नाव येईल. आणि आणखी एक. तुम्ही शेवटी बी.एड. अभ्यासक्रम सुधारा म्हणता. आम्ही पहिली ते पाचवीवाले बहुतेक डी.एड. आहोत. बी.एड. कुणी सुधारलं तरी आमच्या वर्गात काय बदलणार?

रेघोटी

केंद्रशाळा, हे दोन्ही मुद्दे सोन्याचे आहेत. बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा, एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतरच्या आराखड्यात, 'समावेशक शाळा' हा विषय आला. तोही अर्धा पेपर. पण तुमचे शिक्षक जर जुन्या डी.एड.चे असतील तर शिफारस त्यांच्या दाराशी पोचतच नाही. त्यांच्यापर्यंत काय पोचतं? महिन्याची शिक्षण परिषद आणि माझ्यासारखीची फेरी. शिफारस करायची तर तिथे करा.

ताई, एक विचारू? तुम्ही कुणाच्या वर्गात जाऊन बसलात का?

खडूफळा

बसले. मॅडमच्या सांगण्यावरून फॉर्म भरलेल्यांपैकी सहा जणांच्या वर्गात, प्रत्येकी दोन तासिका. पण ते 'गुणात्मक' म्हणून परिशिष्टात टाकलं. गोषवाऱ्यात आकडेच हवेत असं वाटलं.

रेघोटी

परिशिष्टात?! अहो, त्यातलं एक तरी सांगा.

खडूफळा

वही काढून बघते आहे. दोन वर्ग लिहिते, नावं अर्थातच नाहीत.

पहिल्या वर्गातले गुरुजी आत्मविश्वासाच्या मापनीत माझ्याकडे जवळपास वरच्या टोकाला होते. मागच्या बाकावर एक मुलगा. श्रुतलेखनात 'स्वच्छ'चं 'सवछ' लिहिलं होतं. गुरुजींनी प्रेमानेच सांगितलं, "दहा वेळा लिही बाळा." त्याने दहा वेळा लिहिलं. पहिल्या ओळीत फळ्यावरून बघून बरोबर, तिसऱ्या ओळीपासून पुन्हा 'सवछ', आणि खाली सगळं 'सवछ'च. थोडक्यात, चुकीचाच सराव सात-आठ वेळा झाला. गुरुजींनी बरोबरची खूण केली, कारण दहा ओळी भरल्या होत्या.

दुसऱ्या बाई. त्यांच्या प्रश्नावलीत 'माहीत नाही'ची रांग. डिस्लेक्सिया शब्द फॉर्ममध्ये पहिल्यांदा वाचला असं म्हणाल्या. त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे, चाचणीच्या वेळी बाई तिच्याजवळ जाऊन बसतात, प्रश्न हळूच वाचून दाखवतात आणि उत्तर तोंडी विचारतात. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला कधी उठवत नाहीत. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाल्या, "शिकायचं काय त्यात, तिला येतं की सगळं, वाचता तेवढं येत नाही." पण नोंदवहीत तिच्या नावापुढे 'अप्रगत' आहे.

घाटमाथा

हा घ्या तुमचा लघुप्रबंध. बाकी सगळं परिशिष्टात टाका.

संख्यानंद

जपून. सहा वर्ग आहेत, आणि ताई बसल्यावर गुरुजी नेहमीसारखे वागले असतील असंही नाही. या दोन गोष्टी इतक्या छान आहेत की त्यांच्यावरून नियम काढायचा मोह होईल.

रेघोटी

नियम काढू नका, पण लपवूही नका. आणि दुसऱ्या बाईंना डोक्यावर घेताना एक लक्षात ठेवा. त्या मुलीची परीक्षा त्यांनी सोपी केली, पण वाचायला कोण शिकवणार? वाचून दाखवल्याने आजचे गुण मिळतात. जोडाक्षर फोडून दाखवणं, स्‌ वेगळा म्हणायला लावणं, मग व जोडणं, कार्डं हातात देऊन जुळवणं, हे कुणीतरी नेमाने करायला हवं. मनाचा चांगुलपणा आणि सज्जता यात एवढा फरक आहे. शिवाय त्यांना शब्दच माहीत नसेल तर त्या मुलीला पुढे पाठवणार कोण? सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरी किंवा आठ वर्षांनंतर प्रमाणपत्रासाठी तपासणी होते. बाईंनी शिफारस केली नाही तर ती मुलगी 'अप्रगत' म्हणूनच दहावीला जाईल आणि जादा वेळ, लेखनिक, काहीच मिळणार नाही.

मुक्ताची_आई

रेघोटीताई, हेच माझ्या मुलाचं झालं. दाखला नव्हता तोवर शाळा म्हणायची, "आम्ही समजून घेतो ना." समजून घेतल्याने पेपरला वेळ वाढत नाही. भाची तिसरीत आहे, येत्या जूनमध्ये नऊ पूर्ण होतील.

रेघोटी

मग वेळ झालेली आहे. तिच्या वर्गशिक्षकांना सांगून गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांचं नाव घ्या, ते आधी शाळेत पडताळणी करतील. जाताना दोन-तीन वर्षांच्या वह्या न्या, फक्त निकालपत्रक नको. वह्याच बोलतात. मला निरोपात तालुका कळवा.

निवृत्त_मास्तर

'सवछ' दहा वेळा हे वाचून जरा गप्प बसलो. मीही ओळी मोजायचो, अक्षरं नाही.

पण तरी म्हणतो, दोन इयत्ता एकत्र असताना कार्डं कधी हातात द्यायची, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

रेघोटी

मास्तर, खरंय. माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही. पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, परिपाठानंतर, एवढं एका शाळेत जमलं होतं. ती शिक्षिका बदलून गेली आणि बंद पडलं.

खडूफळा

दोन रात्री बसले. चूक आणि 'माहीत नाही' वेगळे केले, ब-ड चं विधान गुणांतून काढलं, त्यामुळे आता ३५ विधानं. नवा गोषवारा टाकते. आकडे मॅडमनी तपासल्याशिवाय इथे देत नाही, म्हणून रिकाम्या जागा.

"प्राथमिक शाळेत डिस्लेक्सिया असलेले मूल प्रथम वर्गशिक्षकाच्या नजरेस पडते, मात्र स्वतःला सक्षम मानणाऱ्या शिक्षकाला त्याविषयी योग्य माहिती असतेच का, हे मराठी माध्यमात क्वचित तपासले जाते. या अभ्यासात दोन तालुक्यांतील स्वेच्छेने सहभागी झालेल्या ६४ जिल्हा परिषद शिक्षकांचा समावेशक अध्यापनाविषयीचा आत्मविश्वास (१८ विधाने) व डिस्लेक्सियाविषयीचे ज्ञान (३५ विधाने) मोजले. ज्ञान प्रश्नावलीत चुकीची समजूत व माहितीचा अभाव यांची स्वतंत्र नोंद केली. सहा शिक्षकांच्या प्रत्येकी दोन तासिकांचे निरीक्षण केले. आत्मविश्वास व चुकीच्या समजुती यांत __ सहसंबंध आढळला. आत्मविश्वास व माहितीचा अभाव यांत __. सर्वाधिक चुकीची उत्तरे __ या विधानास मिळाली. निरीक्षणात आत्मविश्वास, ज्ञान व वर्गातील कृती या तिन्हींत विसंगती दिसली. प्रश्नावली इंग्रजी वाचनाच्या लक्षणांवर आधारित असून संथ वाचन व जोडाक्षरांतील चुका यांविषयी तीत विधाने नाहीत, ही या अभ्यासाची मर्यादा आहे. शिक्षण परिषदेत चुकीच्या समजुती आधी दूर करणे आणि विशेष शिक्षकाने वर्गशिक्षकासोबत विद्यार्थ्यांच्या वह्या तपासणे, या दोन शिफारशी केल्या आहेत."

संख्यानंद

छान. फक्त निकाल उलटा आला तर रिकाम्या जागा भरताना वाक्य बदलायचं, आकडा नाही. 😀

केंद्रशाळा_क्र_३

'वह्या तपासणे' आवडलं. पण ते ऑनलाइन भरायला लावू नका म्हणावं.

रेघोटी

मर्यादा गोषवाऱ्यात लिहिलीत हे चांगलं केलंत. एक शंका राहते. ब-ड चं विधान काढलंत, पण त्याला किती जणांनी 'बरोबर' म्हटलं ते फेकू नका. निष्कर्षाच्या प्रकरणात एक परिच्छेद त्यावर लिहा. माझ्या मते तो मोजण्यातला दोष नाही, ती माहितीच आहे.

संख्यानंद

असहमत. विधानच सदोष होतं, त्यावरून शिक्षकांबद्दल काही म्हणता येणार नाही. फार तर भाषांतराबद्दल म्हणता येईल.

खडूफळा

मॅडमना उद्या दोन्ही दाखवते. आणि मास्तर, तुमचा पत्ता निरोपात पाठवाल का? कोरा फॉर्म पाठवते, आता ३५ विधानांचा आहे.

निवृत्त_मास्तर

पाठवा. 'माहीत नाही'चा पर्याय ठेवलाय ना?